खटला कोर्टात, निकाल संसदेत

१९७५चा ऑगस्ट महिना. ७ तारखेला, गुरुवारी, लोकसभेत ३९वी घटनादुरुस्ती मांडली गेली आणि त्याच दिवशी मंजूर झाली. शुक्रवारी राज्यसभेने होकार दिला. शनिवार असूनही राज्याराज्यांतल्या विधानसभा घाईघाईने बसल्या आणि निम्म्याहून अधिक राज्यांची संमती गोळा झाली. रविवारी राष्ट्रपतींची सही झाली. घटना बदलायला इतकी घाई कशाची? सोमवारी, ११ ऑगस्टला, पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या निवडणुकीचा खटला सर्वोच्च न्यायालयापुढे येणार होता.

नागरिकशास्त्राच्या पुस्तकात तीन खाती पाठ करावी लागतात. कायदेमंडळ कायदे करते, कार्यकारी मंडळ ते राबवते आणि न्यायमंडळ तंटे सोडवते. परीक्षेत हे लिहिले की गुण मिळतात. पण ही कामे वेगळी का ठेवायची, ते या खटल्यातून जितके नीट कळते तितके व्याख्या घोकून कळत नाही.

खटला १९७१च्या लोकसभा निवडणुकीतला. रायबरेलीत इंदिरा गांधींनी राजनारायण यांना लाखाहून अधिक मतांनी हरवले. राजनारायण अलाहाबाद उच्च न्यायालयात गेले. १९५१च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार उमेदवाराने प्रचारासाठी सरकारी नोकराची मदत घेतली, तर तो भ्रष्ट आचार ठरतो. यशपाल कपूर हे पंतप्रधानांच्या सचिवालयातले अधिकारी सरकारी नोकरीचा राजीनामा देण्याआधीच प्रचाराला लागले होते, असे न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हा यांनी पुराव्यावरून ठरवले. सभांची व्यासपीठे उभारायला उत्तर प्रदेश सरकारचे अधिकारी वापरले, हा दुसरा ठपका. १२ जून १९७५ रोजी त्यांनी निवडणूक रद्द केली आणि सहा वर्षे निवडणूक लढवायला बंदी घातली. पदावर असलेल्या पंतप्रधानांविरुद्ध एका उच्च न्यायालयाचा न्यायाधीश असा निकाल देऊ शकला, कारण त्याची नोकरी पंतप्रधानांच्या मर्जीवर नव्हती. उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला काढायचे तर संसदेच्या दोन्ही सभागृहांत खास बहुमत लागते.

अपिलात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी २४ जूनला सशर्त स्थगिती दिली: पंतप्रधानांनी पदावर राहावे, पण लोकसभेत खासदार म्हणून मतदान करू नये. दुसऱ्या दिवशी रात्री आणीबाणी जाहीर झाली. मंत्रिमंडळाला ते सांगितले गेले त्यानंतर, २६ जूनच्या पहाटे. विरोधी पक्षांचे अनेक खासदार तुरुंगात गेले. ऑगस्टमधली संसद ही अशी, निम्मा आवाज बंद झालेली होती.

त्या संसदेने दोन गोष्टी केल्या. त्यांच्यातला फरक ध्यानात घ्यायला हवा, कारण सगळी मेख तिथेच आहे.

पहिली गोष्ट म्हणजे निवडणूक कायदाच बदलला, तोही मागील तारखेपासून. सरकारी नोकराच्या राजीनाम्याची जी तारीख राजपत्रात छापली असेल तीच अंतिम मानायची. सरकारी कर्मचाऱ्याने आपल्या कामाचा भाग म्हणून केलेली व्यवस्था प्रचाराची मदत धरायची नाही. आणि उमेदवार कधीपासून उमेदवार? तर अर्ज भरल्या दिवसापासून. उच्च न्यायालयाने ज्या मुद्द्यांवर निवडणूक रद्द केली होती, ते एकेक मुद्दे यातून निकालात निघाले.

दुसरी गोष्ट ३९व्या दुरुस्तीने केली. घटनेत ३२९-अ हे नवे कलम आले. त्याच्या चौथ्या पोटकलमाचा आशय असा की, पंतप्रधानांच्या निवडणुकीला जुना कायदा लागूच नव्हता असे मानावे, ती निवडणूक वैध समजावी आणि न्यायालयाचा निकाल रद्दबातल धरावा. इथे संसद नुसता कायदा करून थांबली नाही. एका विशिष्ट खटल्यात, दोन विशिष्ट माणसांमध्ये, कोण जिंकले ते तिने सांगून टाकले. साक्षीपुरावा पाहिला नाही आणि दुसऱ्या बाजूचे म्हणणेही ऐकले नाही.

कबड्डीचे नियम पुढच्याच काय, मागच्या सामन्यांसाठीही बदलणे हा अन्याय वाटू शकतो, पण निदान तो नियम सगळ्या संघांना लागू होतो. पंचाच्या हातातली वही घेऊन एकाच सामन्याचे गुण खोडणे हा प्रकार वेगळा.

७ नोव्हेंबर १९७५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी निकाल दिला. सरन्यायाधीश होते अजितनाथ रे, आणि पीठावर एक पुण्याचे, यशवंतराव चंद्रचूड. चौथे पोटकलम न्यायालयाने रद्द केले. त्याला आधार होता १९७३च्या केशवानंद भारती निकालाचा: संसद घटना बदलू शकते, पण तिचा मूळ ढाचा मोडू शकत नाही. खन्नांनी मुक्त आणि न्याय्य निवडणुकांवर बोट ठेवले, तर चंद्रचूडांनी समानतेवर आणि कायद्याच्या राज्यावर. कोणताही कायदा न लावता तंटा निकालात काढणे हे संसदेचे काम नव्हे, यावर भर होता.

मात्र त्याच निकालात इंदिरा गांधी जिंकल्या! मागील तारखेपासून बदललेला निवडणूक कायदा न्यायालयाने ग्राह्य धरला आणि त्या कायद्याच्या कसोटीवर निवडणूक वैध ठरली. अनेकांना हे हातचलाखीसारखे वाटले, आणि ते साहजिक आहे. तरी हद्द इथेच आखली गेली. कायदा बदलणे संसदेच्या हातात, तो खटल्याला लावणे न्यायालयाच्या हातात. नको असलेल्या निकालाचा पाया कायदा बदलून काढून घेणे आजही चालते. नुसते ‘निकाल रद्द’ म्हणणे चालत नाही.

न्यायालय प्रत्येक वेळी ताठ उभे राहिले असे मात्र नाही. एप्रिल १९७६मध्ये, आणीबाणीत तुरुंगात टाकलेल्या माणसाला आपली अटक बेकायदा आहे असे म्हणत कोर्टात जाता येते का, हा प्रश्न आला. चार विरुद्ध एक अशा मताने उत्तर मिळाले, ‘नाही.’ त्या चौघांत चंद्रचूडही होते. एकटे हंसराज खन्ना विरोधात गेले. पुढच्या जानेवारीत ज्येष्ठता डावलून त्यांच्याऐवजी दुसऱ्याला सरन्यायाधीश केले गेले आणि खन्नांनी राजीनामा दिला. न्यायाधीशांच्या नेमणुका सरकारच्या हातात असल्या की काय होते, याचा इतका ढळढळीत दाखला दुसरा शोधायला नको. तो १९७६चा निकाल शेवटी २०१७मध्ये मोडीत निघाला, आणि मोडणाऱ्या पीठावर यशवंतरावांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड होते.

तिसरा लगाम मतदारांचा. मार्च १९७७च्या निवडणुकीत रायबरेलीनेच इंदिरा गांधींना हरवले, राजनारायण निवडून आले. नव्या संसदेने १९७८च्या ४४व्या दुरुस्तीने बरेच काही सावरले. आता मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवल्याशिवाय राष्ट्रपतींना आणीबाणी जाहीर करता येत नाही. नुसत्या ‘अंतर्गत अशांतते’चे कारण पुरत नाही, सशस्त्र उठाव असावा लागतो.

शाळेच्या ग्रंथालयात भारतीय संविधानाची प्रत असेल तर तिचे कलम ३२९ काढून पाहावे. त्याच्या पुढेच ३२९-अ हा आकडा अजून छापलेला असतो, आणि त्यासमोर एवढेच लिहिलेले असते की १९७८च्या ४४व्या दुरुस्तीने हे कलम वगळले आहे.