कोल्ड कॉफीच्या रीलखाली काय लिहावे?

उत्तनच्या किनाऱ्यावर फिरायला येणारे गिऱ्हाईक उन्हाळ्यात तारोडीच्या छोट्या कॅफेकडे वळवायचे असेल, तर रीलखालच्या मजकुराची पहिली ओळ नीट लिहावी. इन्स्टाग्रामवर २,२०० अक्षरांपर्यंत लिहिता येते. पण रील चालू असताना सुरुवातीचे मोजकेच शब्द दिसतात, बाकीचे बोट लावल्यावर उघडतात. म्हणून गाव, माल आणि भाव आधी द्यावा. उदाहरणार्थ : ‘तारोडीत गारेगार कोल्ड कॉफी, ६० रुपये.’ त्याखाली वेळ : ‘समुद्रावरून परतताना या, ४ ते ९.’ मग जवळच्या बसथांब्याची खूण.

भाव चित्रफितीवर मात्र छापू नये. दूध महागले की खालचा मजकूर दुरुस्त करता येतो. चित्रफितीवरचा जुना आकडा तसाच राहतो आणि गल्ल्यावर वाद होतो.