पडद्यामागची जोडणी – लेखांक ६ : स्विचमध्ये हरवलेले चित्र

एचडीएमआय केबलमधून चित्र सेट-टॉप बॉक्स, संगणक किंवा गेम कन्सोल अशा स्रोत-उपकरणाकडून टीव्हीकडे जाते. परंतु ते निघण्याआधी टीव्हीकडून उलट दिशेने थोडी माहिती यावी लागते. पडद्याला कोणती रिझोल्यूशन चालतात, कोणत्या प्रकारचा ध्वनी चालतो आणि हा पडदा एचडीएमआयचा आहे की केवळ चित्र घेणाऱ्या जुन्या डीव्हीआय पद्धतीचा, हे स्रोत-उपकरण त्या माहितीवरून ठरवते. तिला ‘एक्स्टेंडेड डिस्प्ले आयडेंटिफिकेशन डेटा’, म्हणजेच ईडीआयडी, असे म्हणतात. ती १२८ बाइटांच्या खंडांत साठवलेली असते आणि सर्वसाधारण टीव्हीत असे दोन खंड, म्हणजे २५६ बाइट, असतात. पहिल्या खंडात निर्मात्याची खूण व मूळ रिझोल्यूशन असते, तर ध्वनीची आणि एचडीएमआयपणाची नोंद दुसऱ्या खंडात असते. हे वाचन केबलच्या १५ आणि १६ क्रमांकांच्या पिनांवर चालणाऱ्या डीडीसी नावाच्या संथ वाहिनीवरून होते, आणि वाचायला केव्हा लागायचे याचा इशारा ‘हॉट प्लग डिटेक्ट’ या १९ क्रमांकाच्या पिनेवर दाब चढल्याने मिळतो.

टीव्ही आणि स्रोत यांच्यामध्ये स्विच आला की या संवादात एक मध्यस्थ शिरतो, आणि बिघाड बहुधा तेथेच होतो. काही स्वस्त स्विच निवडलेल्या पोर्टाची डीडीसी वाहिनी सरळ टीव्हीला जोडतात. त्यामुळे दुसरा पोर्ट निवडताच पहिल्या उपकरणाच्या दृष्टीने टीव्ही काढून घेतलेला असतो, आणि परत पहिल्या पोर्टावर आल्यावर वाहिनी स्थिर होण्याआधीच वाचन सुरू झाले तर ते अर्धवट राहते. काही स्विच सुरू होताना टीव्हीची ईडीआयडी स्वतःच्या स्मृतीत उतरवून घेतात व पुढे तीच सर्व पोर्टांना देतात. अशा वेळी टीव्ही पूर्ण जागा झालेला नसेल तर उतरवलेली प्रतच सदोष राहते. डीडीसी वाहिनीवर चूक दुरुस्त करण्याची सोय नसते. प्रत्येक खंडाच्या शेवटच्या बाइटात केवळ तपासणीचा आकडा असतो, आणि त्या खंडातील १२८ बाइटांच्या बेरजेला २५६ ने भाग गेला नाही तर खंड बिघडला एवढेच समजते.

लक्षणांवरून बिघाडाची जागा पुष्कळदा ओळखता येते. ईडीआयडी मुळीच मिळाली नाही, तर काही उपकरणे ६४० × ४८० इतक्या किमान रिझोल्यूशनवर उतरतात आणि काही चित्रच पाठवत नाहीत. चित्र ठीक असून आवाज गेला असेल, तर दुसरा खंड हरवल्याचा संशय घ्यावा, कारण एचडीएमआयची खूण न दिसल्याने स्रोत पडद्याला डीव्हीआय समजून ध्वनी पाठवणे थांबवतो. हा दोष केबलचा समजून नवी केबल विकत घेतली जाण्याचे प्रकार बरेच घडतात.

संशयाला पुरावा हवा असेल तर लिनक्सवर चालणारा लहान संगणक उपयोगी पडतो. समजा, असा संगणक, सेट-टॉप बॉक्स आणि कन्सोल तीन पोर्टांच्या स्विचमधून एका टीव्हीला जोडलेले आहेत, आणि पोर्ट बदलून संगणकावर परतले की पडदा काळा राहतो. प्रथम संगणक स्विच वगळून थेट टीव्हीला जोडावा व पहिली ओळ चालवावी; मग स्विच मध्ये घालून, पोर्ट बदलून परत यावे आणि उरलेल्या ओळी चालवाव्यात. पडदा काळा असताना ही कामे दुसऱ्या संगणकावरून जाळ्यामार्फत करावी लागतात. जोडणीचे नाव प्रत्येक संगणकावर थोडे वेगळे असू शकते.

```
cat /sys/class/drm/card0-HDMI-A-1/edid > thet.bin
cat /sys/class/drm/card0-HDMI-A-1/edid > switch.bin
wc -c thet.bin switch.bin
cmp -l thet.bin switch.bin
```

दुसरी फाइल शून्य बाइटांची निघाली तर वाचनच झाले नाही. १२८ बाइटांची निघाली तर दुसरा खंड गळाला. दोन्ही २५६ बाइटांच्या असून फरक दाखवला गेला, तरी लगेच स्विचला दोष देऊ नये. ईडीआयडीच्या दुसऱ्या खंडात टीव्हीच्या त्या पोर्टाचा पत्ता असतो, जसे १.०.०.०, आणि एकाच रिमोटने अनेक उपकरणे चालवणारी सीईसी ही सोय त्यावर अवलंबून असते. चांगला स्विच हा पत्ता १.१.०.० असा बदलतो व तपासणीचा आकडाही त्यानुसार दुरुस्त करतो. म्हणून दुसऱ्या खंडातील एक बाइट आणि २५६ वा बाइट एवढेच वेगळे असतील, तर स्विच आपले काम नीट करीत आहे. इतरत्र विखुरलेले फरक मात्र बिघाडच दर्शवतात.

संगणकापुरता उपाय विनाखर्च आहे. थेट मिळवलेली फाइल `/lib/firmware/edid/tv.bin` येथे ठेवून कर्नलला `drm.edid_firmware=HDMI-A-1:edid/tv.bin` ही सूचना दिली की तो टीव्हीला न विचारता हीच माहिती वापरतो. ग्राफिक्सचा ड्रायव्हर फार लवकर सुरू होत असल्यास फाइल आरंभीच्या बूट-प्रतिमेतही घालावी लागते. सेट-टॉप बॉक्सला अशी सोय नसते, आणि ईडीआयडी एम्युलेटरची खरी गरज तेथे भासते.

एम्युलेटर म्हणजे स्मृती असलेला लहानसा जोड. तो स्रोत आणि स्विच यांच्यामध्ये, स्रोताच्या बाजूला बसवतात. स्विच व टीव्ही यांच्यामध्ये बसवल्यास पोर्ट बदलताना स्रोताशी होणारा संपर्क-भंग तसाच राहतो. स्रोताने ईडीआयडी मागितली की तो साठवलेली प्रत देतो आणि १९ क्रमांकाची पिन सतत चढती ठेवतो, त्यामुळे स्विचने पोर्ट बदलला तरी स्रोताला टीव्ही जोडलेलाच दिसतो. त्याची वीज स्रोताच्या १८ क्रमांकाच्या पिनेवरील ५ व्होल्टांतून येते. प्रमाणानुसार तेथे किमान ५५ मिलिअँपिअर मिळायला हवेत, आणि स्वतःचा अडॅप्टर नसलेला स्विचही त्याच विजेवर चालत असेल तर ती अपुरी पडते. म्हणून एम्युलेटर घेण्यापूर्वी स्विचला अडॅप्टर लावून पाहणे शहाणपणाचे ठरते. प्रत शिकवताना एम्युलेटर थेट टीव्हीला जोडावा, अन्यथा स्विचची बिघडलेली प्रतच त्यात कायमची उतरते.

प्रत उतरवण्याआधी मधल्या स्विचची क्षमताही पाहावी लागते. ४के टीव्हीची संपूर्ण ईडीआयडी मिळाली की स्रोत सेकंदाला ६० चौकटींचे ४के चित्र पाठवू लागतो. स्विच एचडीएमआय १.४ चा असेल तर एवढा वेग त्याला पेलत नाही आणि पडदा पुन्हा काळा होतो. अशा ठिकाणी एम्युलेटरमधील १०८० पी ची तयार प्रत निवडावी. दोन स्रोतांना एकच शिकवलेली प्रत दिली तर दोघांचा सीईसी पत्ता सारखाच होतो व रिमोट गोंधळतो, म्हणून तेथे सीईसी बंद ठेवावे. टीव्ही बंद असला तरी संगणकाला तो जोडलेला वाटत राहतो, हीसुद्धा या उपायाची किंमत आहे.

एक दोष मात्र एम्युलेटरच्या आवाक्याबाहेर आहे. नक्कलरोधक एचडीसीपी संरक्षणाची किल्ल्यांची देवाणघेवाण खऱ्या पडद्याशीच व्हावी लागते, आणि साठवलेल्या माहितीने ती पुरी करता येत नाही. मेनू नीट दिसत असून चित्रपट सुरू करताच पडदा काळा होत असेल, तर एम्युलेटरवर खर्च न करता स्विच बदलावा.