शुक्रवारचा तक्ता

माझ्या सासूबाईंना आम्ही सगळे अम्मीच म्हणतो. वय सदुसष्ट, मधुमेह अठरा वर्षांचा, आणि गेली चार वर्षं सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन. घरी ग्लुकोमीटर आहे आणि साखरेची वहीसुद्धा आहे. मागच्या तपासणीला ती वही डॉक्टरांपुढे ठेवली, तेव्हा त्यांनी चार पानं उलटली आणि विचारलं, "यातला कुठला आकडा जेवणाआधीचा?" आम्ही एकमेकांकडे पाहू लागलो.

वहीत तारीख होती आणि आकडा होता, बाकी काही नाही. कधी मी लिहिलेलं, कधी मुलानं, कधी अब्बांनी. अब्बा आकडे उर्दूत लिहितात. उर्दूतला पाच घाईत लिहिला तर शून्यासारखा गोल दिसतो आणि नऊ थेट आपल्या मराठी एकासारखा. मी उर्दू शिकवते, तरी दोन ठिकाणी माझीच फसगत झाली. डॉक्टरांनी वही परत दिली, वेळेसकट लिहायला सांगितलं आणि तीन आठवड्यांनी बोलावलं.

साखरेचा आकडा एकटा काहीच सांगत नाही. १६० ही नाश्त्याआधी जास्त असते, जेवणानंतर दोन तासांनी चांगली असते. म्हणून वहीतली नोंद तारखेप्रमाणे खाली खाली उतरत असली तरी तक्ता दिवसाच्या वेळेप्रमाणे आडवा मांडावा लागतो. आम्ही सात वारांच्या सात ओळी केल्या आणि चार रकाने पाडले: नाश्त्याआधी, दुपारच्या जेवणाआधी, रात्रीच्या जेवणाआधी आणि झोपताना. शेवटी एक शेऱ्याचा रकाना. आकडे सगळे मराठीत, हे अब्बांनीही कबूल केलं.

पट्ट्या महाग असतात, दिवसातून चार वेळा बोट टोचणं अम्मींनाही नको होतं. म्हणून दिवसाला दोनच तपासण्या, पण वेळा आलटून पालटून. एक दिवस सकाळची आणि दुपारची, दुसऱ्या दिवशी संध्याकाळची आणि झोपतानाची. असं केलं की आठवड्यात प्रत्येक रकान्यात तीन-चार आकडे येतात. आधी आम्ही रोज उपाशीपोटीच तपासायचो. त्यामुळे सकाळचे तीस आकडे आणि दुपारचा एकही नाही, अशी आमची वही होती.

तिसऱ्या आठवड्याचा तक्ता असा झाला:

| वार | नाश्त्याआधी | दुपारी जेवणाआधी | रात्री जेवणाआधी | झोपताना | शेरा |
|---|---|---|---|---|---|
| सोम | १३४ | ११२ | – | – | |
| मंगळ | – | – | १४६ | १७८ | |
| बुध | १४१ | १०८ | – | – | |
| गुरु | – | – | १५२ | १८४ | रात्री खीर |
| शुक्र | १३८ | ६२ | २६४ | – | घाम, थरथर. सरबत २ ग्लास. जेवण पावणेतीनला |
| शनि | – | – | १५८ | १७१ | |
| रवि | १२६ | ११८ | – | – | |

शुक्रवारी संध्याकाळी एक पट्टी जास्त गेली, कारण अम्मींना बरं वाटत नव्हतं.

माझ्या मुलानं उत्साहानं प्रत्येक रकान्याची सरासरी काढली. दुपारच्या रकान्याची सरासरी आली बरोबर १००. "दादी, फर्स्ट क्लास!" तो म्हणाला. वर्गात मी सरासरी शिकवते, पण इथे तिनं धोकाच लपवला होता. ६२ हा आकडा १००च्या आत नाहीसा झाला. रात्रीच्या जेवणाआधीच्या रकान्यात उलट घडलं. सरासरी १८०, म्हणजे संध्याकाळची साखर नेहमीच वाढलेली असावी असं वाटावं. एक शुक्रवार बाजूला काढला तर उरलेल्या तिघांची सरासरी १५२ आहे. म्हणून सरासरी खोडली. त्याऐवजी ७०च्या खालच्या आकड्याला लाल गोल केला आणि १८०च्या वरच्याला पेन्सिलीची चौकट. १५२ आणि १५८ यांच्यातल्या फरकावर डोकं लढवलं नाही. घरच्या मीटरमध्ये शंभराच्या वर १५ टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो असंच धरलेलं असतं.

एका आठवड्यातला एक लाल गोल योगायोगही असू शकतो. तिन्ही आठवड्यांचे कागद एकाखाली एक ठेवले, तेव्हा मात्र मी सुन्न झाले. दुपारच्या रकान्यात शुक्रवारी ६८, ५९ आणि ६२. इतर कुठल्याही वारी शंभराच्या खाली काहीच नाही. आणि तिन्ही शुक्रवारी संध्याकाळी चौकट.

कारण आमच्या घरातच होतं. जुम्याच्या दिवशी पुरुष मंडळी नमाजहून येतात, मग सगळे एकत्र जेवतात. अम्मी त्यांच्यासाठी थांबतात. एरवी एक वाजता होणारं जेवण त्या दिवशी पावणेतीनला होतं. अम्मींचं इन्सुलिन ३०/७० या मिश्रणाचं आहे, म्हणजे तीस भाग लवकर काम करणारं आणि सत्तर भाग सावकाश. सकाळी टोचलेल्या त्या सावकाश भागाचा जोर दुपारच्या सुमारास येतो, तुम्ही जेवलेले असा वा नसा. पोट रिकामं असलं की साखर घसरते. घाम येतो, हात थरथरतो, मग कुणीतरी घाबरून सरबताचे दोन ग्लास पाजतं, त्यावर बिर्याणी, आणि संध्याकाळी २६४. नुसता संध्याकाळचा आकडा बघून इन्सुलिन वाढवलं असतं, तर पुढच्या जुम्याला काय झालं असतं याचा विचारही नको वाटतो.

कागद नेण्याआधी मी आकडे मीटरच्या मेमरीशी ताडून पाहिले. सेल बदलल्यावर त्याचं घड्याळ मागे गेलं होतं, ते आधी नीट करावं लागलं होतं. एक आकडा ३१२ होता. अम्मींनी खजूर सोलून हात न धुता बोट टोचलं होतं. हात धुऊन पुन्हा घेतला तेव्हा १६८. दोन्ही आकडे ठेवले आणि शेऱ्यात कारण लिहिलं. नको असलेला आकडा गाळायचा नाही, हा नियम मी घरात सगळ्यांना सांगून ठेवला आहे.

डॉक्टरांकडे वेळ थोडा असतो, म्हणून कागदाच्या डोक्यावर औषधांची नावं, इन्सुलिनचे युनिट आणि टोचण्याची वेळ लिहिली, तळाशी तीनच ओळी. तीन आठवड्यांत ७०च्या खाली तीन वेळा, तिन्ही शुक्रवारी जेवणाआधी. १८०च्या वरचे आकडे मुख्यतः त्याच संध्याकाळी. आमचा प्रश्न: शुक्रवारी काय करावं?

त्यांनी कागद मिनिटभर पाहिला. अम्मींसाठी जेवणाआधी ९० ते १५० ही मर्यादा त्यांनी ठरवली आहे, त्या मानानं बाकीचे दिवस ठीक आहेत म्हणाले. डोस वाढवला नाही. शुक्रवारी अम्मींनी एक वाजताच जेवायचं, आणि तरी साखर ७०च्या खाली गेली तर सरबत नाही, तीन छोटे चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. मला मात्र त्यांनी जरा सुनावलं. ५९ दिसला त्याच दिवशी फोन करायला हवा होता, तक्ता पूर्ण होण्याची वाट बघायची नव्हती. ते बरोबरच होतं. तक्ता तपासणीसाठी असतो. घसरलेली साखर त्याच क्षणी सावरायची असते आणि डोस बदलणं हे डॉक्टरांचं काम आहे, आपलं नाही.

पुढच्या जुम्याला अम्मी एकला एकट्याच ताटावर बसल्या. "सगळे यायच्या आधी खायचं म्हणजे चोरून खाल्ल्यासारखं वाटतं गं," म्हणाल्या. मग मीही माझं ताट घेऊन त्यांच्याशेजारी बसले. जेवणाआधी १०९ होती, रात्री १६१.