जुन्या मोटारीच्या जागी नवी मोटार : वर्षाला वीज किती वाचेल?

नदीवरून पाणी उचलून शेतापर्यंत नेणाऱ्या सहकारी उपसा सिंचन संस्थांच्या वार्षिक खर्चात विजेचे बिल ही फार मोठी बाब असते. यास्तव अनेक संस्थांच्या सभांमध्ये जुनी मोटार काढून तिच्या जागी उच्च कार्यक्षमतेची मोटार बसविण्याचा प्रस्ताव येतो. प्रस्तावासोबत बचतीचा एक आकडाही मांडण्यात येतो. तो आकडा बरोबर आहे किंवा नाही, हे पडताळण्याची रीत सभासदांस व ग्रामसेवकांस ठाऊक असल्यास संस्थेचा पैसा योग्य ठिकाणी खर्च होतो. ही रीत अवघड नाही. तीस वीजमापक, फेरे मोजण्याचे यंत्र व मागील बारा महिन्यांची बिले एवढेच साहित्य लागते.

उदाहरणादाखल कृष्णाकाठची एक उपसा सिंचन संस्था घेऊ. तिच्या पंपावर २० अश्वशक्तीची, म्हणजे सुमारे १५ किलोवॅटची जुनी मोटार असून तिचे दोन वेळा रिवाइंडिंग झालेले आहे. नव्या मोटारीच्या दरपत्रकासोबत वर्षाला ४,०५० युनिटे वाचतील असा हिशेब जोडलेला आहे. तो असा : जुन्या मोटारीची कार्यक्षमता शेकडा ८५ धरली, तर १५ किलोवॅट काम देण्यासाठी ती १७.६५ किलोवॅट वीज घेते. नव्या मोटारीची कार्यक्षमता शेकडा ९२ असल्याने ती १६.३० किलोवॅट घेईल. फरक १.३५ किलोवॅटचा. रोज १० तास व वर्षाचे ३०० दिवस धरल्यास ३,००० तास होतात आणि बचत ४,०५० युनिटे येते.

या गणितात भागाकार चुकलेला नाही. तथापि त्यातील तीन गोष्टी गृहीत धरलेल्या आहेत, मोजलेल्या नाहीत. मोटार पूर्ण भाराने चालते, ती वर्षाला ३,००० तास चालते, आणि नवी मोटार बसविल्यावर पंपाचा भार तसाच राहतो, या त्या तीन गोष्टी होत. प्रत्येकीची तपासणी क्रमाने करू.

भार मोजणे

मोटारीच्या नामपट्टीवरील अश्वशक्ती म्हणजे ती मोटार जास्तीत जास्त किती काम देऊ शकेल याचा आकडा होय. ती प्रत्यक्षात किती काम देते, हे पंपाने मागितलेल्या शक्तीवर ठरते. ते मोजण्यासाठी पंपगृहातील इतर सर्व उपकरणे बंद करावीत, झडप पूर्ण उघडी ठेवावी आणि पंप स्थिर चालू लागल्यावर वीजमापकाचा आकडा लिहून घ्यावा. बरोबर तीन तासांनी पुन्हा आकडा घ्यावा. मापकाला गुणक असल्यास, म्हणजे बिलावर तसा गुणक छापलेला असल्यास, आलेल्या फरकास त्याने गुणावे. आपल्या उदाहरणात तीन तासांत ४२.६ युनिटे खर्च झाली. म्हणजे मोटार १४.२ किलोवॅट वीज घेते. १७.६५ किलोवॅट हा आकडा येथेच मागे पडला.

काही ठिकाणी टाँग टेस्टरने केवळ अँपिअर मोजून भार काढतात. ही रीत फसवी आहे. हलक्या भारावरही मोटार बराच प्रवाह ओढते, परंतु त्यातील मोठा भाग काम करीत नाही. यास्तव अँपिअरवरून भार नेहमी खऱ्यापेक्षा जास्त भासतो.

१४.२ किलोवॅटपैकी शेकडा ८५ भागच पंपाच्या आसापर्यंत पोचतो. १४.२ गुणिले ०.८५ म्हणजे १२.०७ किलोवॅट. मोटारीच्या १५ किलोवॅट क्षमतेच्या मानाने हा भार शेकडा ८० होतो. याची फेऱ्यांवरून उलटतपासणी करता येते. चार ध्रुवांच्या मोटारीचे चुंबकीय क्षेत्र ५० सायकलच्या विजेवर मिनिटास १,५०० फेरे घेते. या मोटारीच्या नामपट्टीवर पूर्ण भाराचे फेरे १,४४० आहेत, म्हणजे पूर्ण भारावर ती ६० फेरे मागे पडते. प्रत्यक्ष मोजणीत फेरे १,४५२ आले, म्हणजे ती ४८ फेरे मागे पडली. ६० पैकी ४८ म्हणजे शेकडा ८०. दोन्ही रीतींचे उत्तर जुळले. विजेचा दाब नामपट्टीवरील दाबापेक्षा कमी असताना मोटार अधिक मागे पडते व भार उगाच जास्त दिसतो. म्हणून ही मोजणी दाब योग्य असतानाच करावी.

तासांचा हिशेब

तास अंदाजाने सांगू नयेत. मागील बारा महिन्यांच्या बिलांतील युनिटांची बेरीज घ्यावी व तीस मोजलेल्या किलोवॅटने भागावे. या संस्थेची बेरीज २५,५६० युनिटे आहे. तीस १४.२ ने भागल्यास १,८०० तास येतात. पावसाळ्यात पंप बंद राहतो, काही दिवस वीज नसते, काही दिवस दुरुस्तीत जातात. ३,००० तासांच्या अंदाजात हे दिवस विचारात घेतले गेले नव्हते.

आता बचत पुन्हा काढू. भारतीय मानक १२६१५ मध्ये मोटारींचे कार्यक्षमतेनुसार वर्ग दिलेले आहेत. त्यातील आय.ई. ३ वर्गाच्या १५ किलोवॅट, चार ध्रुवांच्या मोटारीची पूर्ण भारावरील कार्यक्षमता शेकडा ९२.१ आहे, आणि पाऊण ते पूर्ण भारात ती फारशी बदलत नाही. ती ९२ धरली, तर १२.०७ किलोवॅट काम देण्यास १३.१२ किलोवॅट वीज लागेल. बचत १.०८ किलोवॅट, व १,८०० तासांची सुमारे १,९४० युनिटे. प्रस्तावातील आकड्याच्या निम्म्याहूनही ही कमी आहे.

नवी मोटार जरा जलद फिरते

तिसरी गोष्ट बहुधा कोणाच्याच ध्यानात येत नाही. उच्च कार्यक्षमतेच्या मोटारी सामान्यतः कमी मागे पडतात. उदाहरणातील नव्या मोटारीच्या नामपट्टीवर १,४५५ फेरे आहेत, म्हणजे याच भारावर ती सुमारे १,४६४ फेऱ्यांनी फिरेल. जुन्या मोटारीपेक्षा १२ फेरे अधिक, म्हणजे शेकडा ०.८ वाढ. वाढ अल्प दिसते, परंतु केंद्रोत्सारी पंपास लागणारी शक्ती साधारणपणे फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे पंपाची मागणी सुमारे शेकडा अडीच वाढून १२.३७ किलोवॅट होईल, व मोटार १३.४५ किलोवॅट वीज घेईल. बचत उरली ०.७५ किलोवॅट, आणि वर्षाची १,३५० युनिटे. उंच चढावर पाणी नेणाऱ्या पंपास घनाचा नियम तंतोतंत लागू पडत नाही, तथापि मागणी वाढते ही गोष्ट खरी.

फेऱ्यांच्या या वाढीने पाणीही थोडे अधिक येते. पाणी पूर्वीइतकेच हवे असेल आणि चालक तेवढ्या प्रमाणात पंप लवकर बंद करील, तर वर्षाला सुमारे १५ तास व २०० युनिटे आणखी वाचतील. नियमित वेळी पंप बंद करण्याची चालकाची सवय कायम राहिली, तर ती वाचणार नाहीत. पंप पट्ट्यावर चालत असल्यास कप्पीचा व्यास बदलून फेरे पूर्ववत करता येतात. थेट जोडलेल्या पंपाचा इंपेलर जाणकार कारागिराकडून लेथवर किंचित कमी करून घेता येतो.

जुन्या मोटारीची खरी कार्यक्षमता

या सर्व हिशेबात सर्वांत कच्चा आकडा कोणता असेल, तर तो जुन्या मोटारीच्या शेकडा ८५ कार्यक्षमतेचा. तो मोजलेला नसून नामपट्टी व रिवाइंडिंगचा इतिहास पाहून धरलेला आहे. रिवाइंडिंग नीट झाले असेल, म्हणजे तारेची जाडी व वेढे मूळचेच ठेवले असतील, तर कार्यक्षमता फारशी घटत नाही. परंतु जुने वेढे काढण्यासाठी स्टेटर उघड्या आगीवर भाजला असेल, तर त्यातील पत्र्यांमधील रोधक थर जळतो, पत्रे एकमेकांस चिकटल्यासारखे होतात व लोखंडातील हानी कायमची वाढते. भार नसताना फिरविलेली मोटार पूर्वीपेक्षा लवकर तापू लागली किंवा अधिक वीज घेऊ लागली, तर असा संशय घेण्यास जागा आहे.

म्हणून एकच आकडा न मांडता दोन मर्यादा मांडाव्यात. जुन्या मोटारीची कार्यक्षमता ८७ असेल, तर वरील रीतीने वर्षाची बचत सुमारे ८०० युनिटेच येते. ती ८३ असेल, तर सुमारे १,९०० युनिटे येते. केवळ दोन टक्क्यांच्या फरकाने उत्तर इतके बदलते, हे सभेपुढे स्पष्टपणे ठेवावे.

खर्चाशी मेळ

विजेचा दर युनिटास ५ रुपये व नव्या मोटारीची किंमत ५४,००० रुपये आहे असे धरू. १,३५० युनिटांचे ६,७५० रुपये होतात, व खर्च वसूल होण्यास ८ वर्षे लागतात. ८०० युनिटांच्या हिशेबाने ती साडेतेरा वर्षे होतात. चालू स्थितीतील मोटार काढून टाकण्यास हे कारण पुरेसे नाही. परंतु हीच मोटार जळाली आणि रिवाइंडिंगसाठी १४,००० रुपये खर्च येणार असेल, तर प्रश्न उरलेल्या ४०,००० रुपयांचाच राहतो, व ते सुमारे ६ वर्षांत भरून येतात. यास्तव या संस्थेने मोटार जळण्यापूर्वीच हिशेब करून निर्णय लिहून ठेवणे इष्ट होय. ऐन पिकाच्या वेळी मोटार बंद पडली असता विचार करण्यास सवड मिळत नाही.

तासांचे महत्त्वही येथे दिसून येते. अशीच मोटार गावच्या पाणीपुरवठ्यावर रोज सुमारे १५ तास, म्हणजे वर्षाला ५,४०० तास चालत असेल, तर त्याच दराने वर्षाला २०,२५० रुपये वाचतात व किंमत पावणेतीन वर्षांच्या आत वसूल होते. उलट, जेथे आकारणी मापकावर नसून अश्वशक्तीवर होते, तेथे बचत झाली तरी ती बिलात उतरत नाही. महाराष्ट्रात २०२४ मध्ये साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांसाठी मोफत विजेची योजना जाहीर झाली. तिचा लाभ घेणाऱ्या शेतकऱ्याच्या बिलासही हेच लागू आहे.

नवी मोटार बसविल्यानंतर तीन तासांची मोजणी पुन्हा करावी. ती करताना नदीची पातळी पहिल्या मोजणीच्या वेळेइतकीच असावी व झडप पूर्ण उघडी असावी. पातळी खाली गेली की उचल वाढते, पंपाचा भार बदलतो, आणि मग बदल मोटारीमुळे झाला की नदीमुळे, हे सांगता येत नाही. दोन्ही वेळची तारीख, पातळी, विजेचा दाब, फेरे व युनिटे संस्थेच्या वहीत शेजारी शेजारी लिहावीत.