फोटोतला आलेख वाचताना

पाठ्यपुस्तकाच्या पानाचा मोबाइलवर काढलेला फोटो येतो. त्यात एका फलाचा आलेख असतो, पण सूत्र फोटोबाहेर राहिलेलं असतं. विचारलेलं असतं ते नेहमीचंच: वक्र अक्षांना कुठे छेदतो, कुठे वळतो आणि त्याच्या अनंतस्पर्शी रेषा कोणत्या? डोळ्यांनी अंदाज करून उत्तरं देता येतात आणि बरेच जण तशीच देतात. थोडी मोजणी केली, तर त्याच फोटोतून कधीकधी सूत्रसुद्धा परत मिळतं.

अशा एका आलेखात वक्राचे दोन वेगळे तुकडे आहेत. डावा तुकडा खालून चढत येतो, y-अक्षाच्या जरा उजवीकडे एक छोटी टेकडी करतो आणि मग खाली कोसळतो. उजवा तुकडा वरून खाली येतो, वळतो आणि तिरका वर निघून जातो. x-अक्ष −५ ते ११ आणि y-अक्ष −५ ते १५ असा छापलेला आहे.

मोजण्याआधी फोटो सरळ आहे का, हे पाहावं लागतं. एकाच अक्षावरचं ० ते ५ आणि ५ ते १० हे अंतर फोटोत सारखं भरायला हवं. एक ६०० पिक्सेल आणि दुसरं ५७० भरलं, तर कॅमेरा तिरका होता असं समजावं. मग फोटो सरळ करून घ्यायचा. स्कॅनिंगची ॲप ते काम करतात, मात्र ती बहुधा पानाचे चार कोपरे पकडतात. जाड पुस्तकाचं पान शिवणीजवळ फुगलेलं असतं, म्हणून कोपरे हातानं हलवून आलेखाच्या चौकटीवर आणलेले बरे. चौकट थोडी लांबट किंवा बुटकी झाली तरी बिघडत नाही, कारण दोन्ही अक्षांचं माप आपण वेगवेगळं घेणार असतो.

आपल्या फोटोत x-अक्षावरचा ० हा आकडा ६४० व्या स्तंभात आहे आणि ५ हा १२४० व्या. म्हणजे एका एककाला १२० पिक्सेल. y-अक्षावर ० आहे १५०० व्या ओळीत आणि १० आहे ५०० व्या, म्हणजे एककाला १०० पिक्सेल. चित्रातल्या ओळी वरून खाली मोजतात आणि y खालून वर वाढतो. उत्तराचं चिन्ह उलटं येतं ते बहुतेक वेळा इथेच. WebPlotDigitizer नावाचं साधन हेच काम करतं: अक्षांवरचे माहीत असलेले बिंदू दाखवायचे, बाकीचं रूपांतर ते करून देतं.

छेदबिंदू सगळ्यांत सोपे. वक्र x-अक्षाला जिथे तिरका कापतो, तिथे रेघेच्या जाडीचा फारसा त्रास होत नाही. इथे ते −१ आणि २ वर आहेत. y-अक्ष ०.६७ च्या आसपास कापला जातो. हा आकडा २/३ आहे असं लगेच लिहून टाकू नये, कारण फोटो ०.६६ आणि ०.६८ मध्ये फरक करू शकत नाही.

खरी गंमत वळणबिंदूंची आहे. उजव्या तुकड्याचा तळ ६०० व्या ओळीत दिसतो, म्हणजे उंची ९. ही उंची अगदी भरवशाची आहे. पण तळ नेमका कोणत्या स्तंभात? वळणापाशी वक्र जवळजवळ आडवा झालेला असतो. इथे आडवं ०.२ एकक, म्हणजे २४ पिक्सेल सरकलं, तरी उंची फक्त दोनेक पिक्सेलनं बदलते आणि छापलेली रेघच चार पिक्सेल जाड आहे. सगळ्यांत खालचा ठिपका शोधत बसण्यात म्हणूनच अर्थ नाही.

त्याऐवजी तळाच्या थोडं वर एक आडवी रेघ टाकावी. y = १० वर ती वक्राला दोन ठिकाणी कापते, साधारण ४ आणि ७ वर; मध्य ५.५. वक्र दोन्ही बाजूंनी सारखा नसल्यामुळे हा मध्य म्हणजे वळणबिंदू नव्हे. रेघ ९.५ वर आणली की मध्य ५.२५ येतो, ९.२ वर ५.१. मध्यबिंदू एका सरळ रेषेत डावीकडे सरकतात आणि ती रेषा ९ पर्यंत नेली की मिळतं ५. वळणबिंदू (५, ९). डाव्या टेकडीचं शिखर याच रीतीनं (१, १) येतं.

अनंतस्पर्शी रेषा फोटोत बहुधा नसतेच, आणि असलेली दिसली तरी संशय घ्यावा. काही सॉफ्टवेअर वक्राचे दोन तुकडे चुकून एका उभ्या रेघेनं जोडतात आणि ती रेघ वक्राचाच भाग वाटते. दुसरी चूक जास्त होते. उजवा तुकडा चौकटीच्या वरच्या कडेला जिथे बाहेर पडतो, तिथेच अनंतस्पर्शी आहे असं धरलं जातं. इथे तो ३.४२ वर बाहेर पडतो, तर डावा तुकडा खालच्या कडेला २.५८ वर. दोन्ही रेषेकडे निघालेत, पण कुणीच पोहोचलेलं नाही. त्यांचा मध्य येतो ३. चौकट y = ५ च्या वरखाली सारखी होती म्हणून हे इतकं सहज जमलं; एरवी फक्त ‘दोघांच्या मधे कुठेतरी’ एवढंच म्हणता येतं.

तिरक्या रेषेसाठी वक्राची दोन टोकं जोडली, तर चढ १.०६ येतो. टोकांपाशीही वक्र रेषेपासून अर्ध्या एककानं लांब असल्यामुळे तो थोडा जास्त आहे. चढ १ धरून y = x + 2 ही रेषा आखावी आणि अंतर मोजावं. उभ्या रेषेपासून ४ एकक दूर, x = ७ वर वक्र तिच्या १ एकक वर आहे; ८ एकक दूर, x = ११ वर ०.५. दूरपणा दुप्पट झाला की अंतर निम्मं, हे अशा फलांचं लक्षण आहे आणि रेषा चुकीची धरली तर ते जुळत नाही. शिवाय दोन्ही अनंतस्पर्शी (३, ५) वर छेदतात आणि दोन वळणबिंदूंचा मध्यही तोच आहे.

आता सूत्र. छेद −१ आणि २ वर, उभी अनंतस्पर्शी ३ वर, तेव्हा सगळ्यांत साधा आकार y = k(x+1)(x−2)/(x−3). x = ० ठेवल्यावर 2k/3 येतं आणि फोटो सांगतो ०.६७, म्हणून k = १. वळणबिंदू यात कुठेच वापरलेला नाही, त्यामुळे त्याच्यावर तपासता येतं: x = ५ ठेवलं की ६ × ३ ÷ २, म्हणजे ९. आता २/३ बिनधास्त लिहावं.

तरी काही गोष्टी कुठलाच फोटो सांगत नाही. एखाद्या बिंदूवर फल अस्तित्वातच नसेल, तर ते भोक रेघेच्या जाडीत बुजून जातं. चौकटीबाहेर काय होतं तेही दिसत नाही. ln x चा आलेख १०० पर्यंत काढला तर तो ५ च्या खाली सपाट होत चालल्यासारखा दिसतो, पण १००० वर तो ६.९ असतो आणि त्याला आडवी अनंतस्पर्शी नाहीच. वक्र अनंतस्पर्शीला कधी शिवत नाही, हा समजही सोडून द्यावा. x/(x²+1) चा आलेख आपल्या आडव्या अनंतस्पर्शीला शून्यावर सरळ ओलांडून जातो.

कुणाला आलेखाचा फोटो पाठवणार असाल, तर एवढं करा: मोबाइल पानाला समांतर धरा आणि प्रत्येक अक्षावरचे निदान तीन आकडे फोटोत येऊ द्या. दोन माप घेण्यासाठी, तिसरा ते माप तपासण्यासाठी.