आढीतली मदैरा, भट्टीतली मदैरा

आधी एक गोष्ट उरकून टाकतो. मदैरा ही वाइन आणि आपली मदिरा यांचं काही नातं नाही. पोर्तुगीजमध्ये 'मदैरा' म्हणजे लाकूड. ही वाइन ज्या बेटावर होते ते झाडीनं भरलेलं, म्हणून ते नाव. द्राक्षांच्या चार मुख्य पांढऱ्या जातींची वंशावळ मी इथे देत नाही. सर्सियाल सगळ्यात कोरडी, मग वर्देल्यो, मग बोआल, आणि मालव्हाझिया सगळ्यात गोड, एवढं लक्षात असलं तरी काम भागतं.

मी बोटीवर खानसामा होतो. भंडाऱ्यात पहिल्यांदा हात घातला तेव्हा कोपऱ्यात एक अर्धी बाटली उभी होती. आधीच्या कुकनं ती पाच महिन्यांपूर्वी उघडली होती. मी ती ओतून द्यायला निघालो, तर त्यानं माझा हात धरला. 'जी एकदा मरून आली, ती परत काय मरणार?' म्हणाला.

ते शब्दशः खरं आहे. साध्या वाइनला हवा आणि उष्णता मारतात. मदैरा त्या दोन्हींतूनच घडते. द्राक्षाचा कडक स्पिरिट घालून ती साधारण 19 टक्क्यांपर्यंत नेतात. एवढ्या अल्कोहोलात व्हिनेगर करणारे जंतू तग धरत नाहीत. शिवाय ज्वालामुखीच्या मातीतल्या या द्राक्षांची आंबटी तीव्र असते. ईस्ट इंडिया कंपनीची गलबतं बेटावरच्या फुंशालला थांबून पिंपं चढवत आणि मुंबई-मद्रासच्या गोऱ्यांच्या मेजावर आणत. विषुववृत्ताच्या उन्हात हेलकावे खाऊन माल बिघडायच्या ऐवजी सुधारतो, हे तिथूनच कळलं. प्रवास करून परत आलेल्या पिंपांना जास्त भाव मिळू लागला, तेव्हा बेटावरच्यांनी तो प्रवास घरीच करायचं ठरवलं.

त्याच्या दोन वाटा झाल्या. पहिली एश्तुफा. टाकीत वाइन भरून गरम पाण्यानं 45 ते 50 अंशांवर निदान तीन महिने ठेवायची. दुसरी कांतेइरू. पिंपं कौलांखालच्या माळ्यावर ठेवायची आणि उन्हाला हळूहळू काम करू द्यायचं, निदान दोन वर्षं, बहुधा त्याहून कितीतरी जास्त. आमच्या शिरोड्याच्या माणसाला हे वेगळं समजवायला नको. भाताच्या पेंढ्यातल्या आढीत पिकलेला हापूस आणि पावडरीनं घाईत पिवळा केलेला हापूस, तोच फरक. मी आढीवाला आहे आणि तो हट्ट सोडणार नाही. एश्तुफाच्या स्वस्त बाटलीला जळक्या साखरेचा वास येतो, तो नाकात राहतो. माळ्यावरच्या वाइनला भाजलेल्या काजूचा, वाळवलेल्या संत्र्याच्या सालीचा वास येतो आणि शेवटी आंबटीनं जीभ धुऊन निघते.

आमच्या धंद्यातले काही पंडित सांगतात की स्वयंपाकात कुठलीही चालते. चालते, पण बाटलीवर 'कुकिंग' असेल तर आत मीठ घातलेलं असण्याची शक्यता मोठी. आटवल्यावर सॉस खारट का झाला, हे मग कळत नाही. आणि गोव्याची गोड लाल पोर्ट मदैराच्या जागी वापरा म्हणणारेही आहेत. सॉस गोड होईल, पण आंबटीचा कणा येणार नाही.

पाच वर्षांची मध्यम कोरडी वर्देल्यो घ्या. पावसाळ्यात माळरानावरची अळंबी मिळाली तर उत्तमच. ओळखीच्या माणसाकडूनच घ्यायची, नाहीतर बटण मशरूम. पाव किलो अळंबी लोण्यात परतायची. पाणी सुटून आटलं आणि कडा तपकिरी झाल्या, की आच बंद करून अर्धी वाटी मदैरा घालायची. आचेवरच ओतली तर भडका उडतो. पुन्हा आच लावून निम्मी आटवायची, मग वाटीभर कोंबडीचा रस्सा घालून चमच्याला चिकटेपर्यंत उकळायचं. आंबटी आटून एकवटते, म्हणून मीठ शेवटी. उतरवताना एक चमचा कच्ची मदैरा घाला. उकळीत तिचा सुगंध उडालेला असतो, तो परत येतो. वीस वर्षं पिंपात मुरलेली मात्र पातेल्यात ओतू नये. ती पेल्यातच शोभते.

बाटली उभी ठेवायची. आडवी ठेवली तर आंबट वाइन बुचाला खाते. फ्रिज लागत नाही, पण आमच्या दमटात बुचावर बुरशी चढते, म्हणून पुसून बसवायचं. महिने टिकते याचा अर्थ कायमची टिकते असा नाही. सहा-आठ महिन्यांनी वास पातळ होतो, चव उरते. तेव्हा ती रस्स्याला द्यावी.

हल्ली इथे शिरोड्याला पाहुणे दुपारी वाइन उघडतात आणि रात्री उरलेली 'गेली' म्हणून ओततात. परवाना घेऊन, पैसे मोजून आणलेली! त्यांना मी बोआल देतो, बिबिंक्याबरोबर. पेय मिठाईपेक्षा कमी गोड असेल तर ते आंबट लागतं, त्यामुळे बिबिंक्यासमोर सर्सियाल कधी ठेवत नाही. सर्सियाल जेवणाआधी, खारवलेल्या काजूंबरोबर, थंड करून.