हा पार्ट कोणत्या गाडीला बसतो?

दुचाकीच्या छोट्या गॅरेजात सामान गाडीच्या नावाने ओळखले जाते. मिस्त्री म्हणतो, ‘स्प्लेंडरची क्लच केबल दे.’ पोरगा मांडणीवरचे चार डबे उघडतो, दोन केबली काढून आणतो आणि ‘यातली कुठली?’ म्हणून विचारतो. खोका केव्हाच फेकून दिलेला असतो, नंबर त्याच्याबरोबर गेलेला असतो. मग एक केबल लावून बघायची, कमी पडली की दुसरी. गॅरेजात सामानाची वही असली तरी बहुतेक वेळा ती खरेदीची वही असते. कोणत्या तारखेला किती माल आला आणि किती पैसे दिले, एवढेच त्यात असते. तो पार्ट कोणत्या गाडीला बसतो आणि तो ठेवलाय कुठे, हे मिस्त्रीच्या डोक्यात राहते. मिस्त्री गावी गेला की मांडणी मुकी होते.

अशा गॅरेजसाठी चांगले रजिस्टर करायचे तर पहिला निर्णय असा, की पार्टची ओळख नंबराने ठेवायची, गाडीच्या नावाने नाही. एकच पार्ट पाच गाड्यांना चालतो आणि एकाच नावाच्या गाडीला वर्षागणिक वेगवेगळे पार्ट लागतात. गाडीवार पाने पाडली, तर तोच पार्ट पाच पानांवर लिहावा लागतो आणि एका पानावरचा शिल्लक आकडा बदलला तरी उरलेल्या चार पानांवर जुनाच राहतो. म्हणून एका नंबराला एक ओळ. त्या ओळीत नाव, मेक, जुळणाऱ्या गाड्या, जागा आणि शिल्लक. वहीच्या शेवटी गाडीवार सूची ठेवावी, पण तिच्यात फक्त ओळीचे क्रमांक असावेत. आकडे तिथे लिहायचे नाहीत.

नंबर नीट वाचायला शिकले की तो बरेच काही सांगतो. होंडाच्या नंबरात पहिले पाच आकडे पार्टचे काम सांगतात. 22870 म्हणजे क्लच केबल, 17910 म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरची, 45450 म्हणजे पुढच्या ब्रेकची. मधली तीन अक्षरे तो पार्ट पहिल्यांदा ज्या गाडीसाठी बनला तिचा संकेत असतात आणि शेवटचा भाग पुढच्या फेरफारांचा. हीरो आणि होंडा 1984 पासून 2010 च्या अखेरीपर्यंत भागीदार होते, त्यामुळे जुन्या हीरो होंडा गाड्यांच्या पार्टनाही हीच रचना आहे. मधल्या अक्षरांनी मात्र फसायला होते. ती जन्म सांगतात, वापर नाही. नंतर आलेल्या गाडीत कंपनीने तोच पार्ट घेतला, तर नंबर जुन्याच संकेताचा राहतो. त्यामुळे संकेत ओळखीचा नाही म्हणून पार्ट परत पाठवू नये आणि ओळखीचा आहे म्हणून लावूही नये.

बेअरिंगचे तर बरेच सोपे. 6301 हा नंबर कोणत्याही नावाजलेल्या कंपनीच्या बेअरिंगवर असो, आतला व्यास 12 मिलिमीटर, बाहेरचा 37 आणि जाडी 12. शेजारच्या 6201 चा आतला व्यासही 12 च आहे, पण बाहेरचा 32 आणि जाडी 10. एक्सल दोन्हींत आरामात जातो, हबमध्ये मात्र दुसरे सैल पडते. असे नंबर बेअरिंगच्या कडेवर कोरलेले असतात, ऑइल सीलवर मापे छापलेली असतात. खोका हरवलेला सुटा माल मोजून पुन्हा नंबरावर आणता येतो, म्हणून व्हर्निअर कॅलिपर रजिस्टरच्या शेजारीच ठेवावा. नंबरामागची अक्षरेही लिहून घ्यायची. 2RS म्हणजे दोन्ही बाजूंनी रबरी सील, ZZ म्हणजे पत्र्याचे झाकण. चिखलपाण्यातून जाणाऱ्या चाकाला सील हवे. आकडे सारखे म्हणून झाकणवाले लावले, तर बसते खरे, पण पावसाळ्यात आत पाणी शिरते.

रजिस्टरातला सगळ्यात अवघड रकाना जुळणाऱ्या गाड्यांचा. माझ्या मते बहुतेक रजिस्टरे इथेच मोडतात, कारण त्यात ऐकीव आणि अनुभवाचे एकाच शाईने लिहिलेले असते. यावर साधा उपाय आहे. प्रत्येक गाडीपुढे एक खूण करावी. कंपनीच्या पार्ट कॅटलॉगात पाहिले असेल तर ‘कॅ’, आपल्या हाताने लावून गाडी चालवून पाहिली असेल तर ‘हा’, सामानाच्या दुकानदाराने सांगितले असेल तर ‘दु’. ‘दु’ कायम पेन्सिलीने लिहायचे. पुढे कधी तो पार्ट खरेच बसला, की खोडून शाईने ‘हा’. बसला नाही तर ओळ पुसायची नाही, ‘बसत नाही’ असे लिहून ठेवायचे. अशी नोंद सहा महिन्यांनी दुसऱ्या मिस्त्रीचा अर्धा तास वाचवते.

गाडीच्या नावापुढे नुसते वर्ष लिहून भागत नाही. भारतात दुचाकींच्या पार्टच्या दृष्टीने काही तारखा मोठ्या आहेत. 1 एप्रिल 2017 पासून बीएस-4 आले आणि नव्या गाडीचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप लागू लागला, त्यामुळे हँडलवरच्या स्विचची रचना बदलली. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 आले आणि बहुतेक गाड्यांतून कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आले. टाकीवरचे नाव मात्र बऱ्याच गाड्यांचे तेच राहिले. त्यात लोक पासिंगचे वर्ष सांगतात, आणि गाडी बनते आधी, पासिंग होते नंतर. आरसीवर उत्पादनाचा महिना आणि वर्ष वेगळे दिलेले असते, रजिस्टरसाठी तेच घ्यायचे.

पुढच्या ब्रेकच्या केबलचे उदाहरण घेऊ. ड्रम ब्रेकची शंभर सीसीची गाडी आली आहे, केबलीचे तंतू लिव्हरपाशी तुटू लागले आहेत. गिऱ्हाईक म्हणते, अठराचे मॉडेल. आता याच काळात कॉम्बी-ब्रेकचा नियम आला. पायाचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागायला हवा, अशी ही व्यवस्था. 125 सीसीपर्यंतच्या गाड्यांना ती किंवा एबीएस देणे नव्या मॉडेलांना 1 एप्रिल 2018 पासून आणि आधीपासून बाजारात असलेल्या मॉडेलांना 1 एप्रिल 2019 पासून बंधनकारक झाले. म्हणजे 2018 ची गाडी दोन्ही प्रकारची असू शकते, वर्षावरून निकाल लागत नाही. गाडीच बघावी लागते. पायाच्या ब्रेकपासून एखादी केबल किंवा जोडणी पुढच्या चाकाकडे गेली आहे का? गेली असेल तर पुढच्या ड्रमपाशी ओढ दोन ठिकाणांहून येते आणि लिव्हरच्या केबलीचे टोकही त्याच जोडणीला अडकवलेले असू शकते. म्हणून रजिस्टरात एका नावाखाली दोन ओळी हव्यात, दोन वेगळे नंबर, आणि गाडीच्या रकान्यात वर्षाऐवजी खूण: ‘कॉम्बी नाही, पुढच्या चाकाला एकच केबल’ आणि ‘कॉम्बी, पायाकडून जोडणी येते’. त्याखाली बाहेरच्या आवरणाची लांबी आणि आतल्या तारेची उघडी लांबी मिलिमीटरमध्ये. आता पोरगा मिस्त्रीला न विचारता गाडीपाशी वाकून बघतो आणि बरोबर केबल आणतो. चुकीची केबल पुष्कळदा अडकवता येते, पण हँडल पूर्ण वळवले की आवरण ताणले जाते आणि ब्रेक आपोआप धरतो. म्हणून लावल्यावर हँडल दोन्हीकडे टेकेपर्यंत वळवून चाक मोकळे फिरते का, ते पाहायचे. तेवढे झाल्यावरच शाईने ‘हा’.

बसणे आणि चालणे यांत फरक आहे, आणि स्पार्क प्लगइतका तो कुठेच धोक्याचा नाही. एनजीकेच्या CR7HSA आणि CR7E या दोन्ही प्लगांतले पहिले C म्हणजे 10 मिलिमीटरचे आटे, म्हणून दोन्ही त्याच भोकात फिरतात. पण H वाल्याचा आट्यांचा भाग 12.7 मिलिमीटर लांब आणि E वाल्याचा 19. आखूड हेडमध्ये लांब प्लग कसला, तर त्याचे टोक दहनकक्षात पुढे येते आणि पिस्टनवर आदळू शकते. अशा जोड्यांसाठी ओळीत लाल शाईने वेगळी सूचना हवी: ‘फिरतो, पण लावू नये’. नंबरातले R म्हणजे आत रेझिस्टर आहे. इंजेक्शनच्या गाडीला तो नसलेला प्लग लावला, तर ठिणगीचा विद्युत गोंगाट कंट्रोल युनिटपर्यंत पोचून गाडी अधूनमधून गचके खाऊ शकते, आणि मिस्त्री भलत्याच ठिकाणी दोष शोधत बसतो.

जागेचा रकाना छोटा, पण त्याला शिस्त लागते. ‘ख-3-05’ म्हणजे ख मांडणी, खालून तिसरा खण, 05 क्रमांकाचा डबा. हा पत्ता डब्याचा आहे, पार्टचा नव्हे. तो डब्याच्या तोंडावर रंगाने लिहावा आणि एका डब्यात एकच नंबर ठेवावा. डब्यांचे क्रमांक 05, 10, 15 असे सोडून दिले, तर मध्ये नवा डबा घालताना सगळ्या चिठ्ठ्या बदलाव्या लागत नाहीत. जड सामान खाली, रबरी सील आणि ट्यूब उन्हापासून दूर, केबली खुंटीवर सैल वेटोळ्यात. दाटून वळवलेली केबल मोडते आणि आतून घासते. खुंटीलाही पत्ता लागतो, हे बरेच जण विसरतात. मेक वेगळा असेल तर डबा शेजारचा, पण वेगळा. कंपनीच्या आणि बाहेरच्या मालाची किंमत आणि आयुष्य सारखे नसते, म्हणून शिल्लकही एकत्र धरू नये. गाडीच्या कंपनीचा मूळ नंबर मात्र दोन्ही ओळींत लिहावा, म्हणजे शोधताना दोन्ही सापडतात.

रजिस्टर संगणकावर करणाऱ्यांनी नंबराचा रकाना आधी टेक्स्ट प्रकारचा करावा. नाहीतर 95701-06020-00 हा फ्लँज बोल्टचा नंबर (मधले 06020 म्हणजे 6 मिलिमीटर जाडी, 20 लांबी) डॅशशिवाय टाकला की एक्सेल तो 9.57011E+11 असा दाखवते, आणि शून्याने सुरू होणाऱ्या निव्वळ आकडी नंबरातले पहिले शून्य गिळून टाकते. डॅश लिहायचे की नाही, तेही एकदाच ठरवावे. अर्धे नंबर डॅशसकट आणि अर्धे त्याविना असले, तर पार्ट डब्यात असूनही शोधल्यावर सापडत नाही आणि दुसरा विकत आणला जातो.

सगळी मांडणी एका रविवारी उतरवायला बसू नये, अर्धवट राहते. आज जो पार्ट हातात आला त्याची ओळ आजच लिहायची आणि खोक्यावरच्या लेबलाचा तुकडा कापून डब्यात टाकायचा. रोज वापराचे सामान असे काही आठवड्यांत आपोआप नोंदले जाते. जे उरते ते बहुधा पडून राहिलेले असते, आणि बंद पडलेल्या मॉडेलचे काय काय घरात आहे हे त्यातून कळते. आठवड्याला पाच-सहा डबे मोजून ओळीशी ताडून पाहावेत. वहीत शिल्लक आणि डबा रिकामा असेल, तर काढताना नोंद झालेली नाही. डब्यात जास्त असेल, तर गाडीतून परत आलेला पार्ट न लिहिता टाकलेला आहे, आणि तो वापरलेला तर नाही ना, हे लगेच बघावे.

शेवटी नंबर बदलण्याची गोष्ट. कंपन्या पार्टमध्ये सुधारणा करतात आणि जुन्या नंबराच्या जागी नवा देतात. अशा वेळी जुनी ओळ खोडू नये. तिच्यापुढे बाण काढून नवा नंबर लिहावा आणि नव्या ओळीत जुना. नवा पार्ट जुन्या गाडीला चालतो, पण जुना नव्या गाडीला चालेलच असे नाही. म्हणून तो बाण एकाच दिशेचा ठेवावा, आणि जुन्या डब्यातला माल आधी जुन्या गाड्यांसाठीच वापरून संपवावा.